वसतिगृहातली खरूज: मलम की गोळी?

साक्री तालुक्यातल्या मुलांच्या एका वसतिगृहात मी दोन्ही उपाय वापरून पाहिलेत. आधी परमेथ्रिनचं ५ टक्क्यांचं मलम, पुढच्या खेपेला डॉक्टरांनी लिहून दिलेली आयव्हरमेक्टिनची गोळी.

मलमात खोट नाही. मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, जांघेत लावायचं, रात्रभर ठेवून सकाळी अंघोळ करायची आणि आठवड्याने पुन्हा लावायचं. पण एका खोलीत वीस मुलं असताना हे घडत नाही. जांघेतली खरूज दाखवायलाच पोरं लाजतात, मग सगळ्यांसमोर कपडे काढून मलम कोण लावणार? जिथं खाजतं तिथंच बोटभर फासून झोपायची. तीन आठवड्यांनी एक जण परत आला: "रातले भलती खाज येस, दादा." नुसती खाज उपचारानंतरही दोन ते चार आठवडे टिकते, म्हणून आधी बेचक्यांत पाहिलं. नवे फोड होते. म्हणजे खरजेचा किडा जिवंत होता.

गोळी वजनावर ठरते, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम. ३० किलोच्या मुलाला ६ मिलिग्रॅम. जेवणानंतर एकाच रात्री सगळ्यांनी माझ्यासमोर घेतली, खाज नसलेल्यांनीही, त्यामुळे 'खरजुला' म्हणून कोणी वेगळा पडला नाही. दुसरा डोस आठवड्याने. कपडे-चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकल्या. घरी तान्हं मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्यांना मात्र मलमच. १५ किलोखालच्या मुलांना ही गोळी देत नाहीत.

कोणताही उपाय निवडण्याआधी प्रत्येकाचं अंग उजेडात पाहा. दोघांना खरूज नव्हतीच, कमरेला गोल, कडेला खवले धरलेला नायटा होता. दुकानातल्या स्टिरॉइडवाल्या मलमाने त्याची कड पुसट झाली होती, पण तो पसरतच होता. तिसऱ्याच्या पाठीवर फिकट चट्टा होता, खाज अजिबात नाही. डोळे मिटायला लावून कापसाची वात टेकवली आणि जिथं लागलं तिथं बोट ठेवायला सांगितलं. खांद्यावर बरोबर दाखवलं, चट्ट्यावर दोनदा काहीच नाही. कुष्ठरोगाचा संशय घेऊन त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथं निदान होऊन मोफत औषधं सुरू झाली.

अधीक्षक त्याची खाट बाहेर काढायला निघाले. मी म्हटलं, "सर, पसरली ती खरूज, आणि तिच्यापायी आपण एकही खाट हलवली नाही. याची तर औषधं सुरू झालीत. आता त्याच्यापासून कुणाला धोका नाही."

खाट जागेवरच राहिली. घरात स्वतंत्र मोरी आणि लावून देणारी आई असेल, तर मलम कदाचित उत्तमच. वसतिगृहासाठी विचाराल, तर माझा कौल गोळीला.