क्रिएटीन आणि पाळी: सात चक्रांच्या नोंदींनंतर

काय वापरलं ते आधी. साधं, बिनचवीचं क्रिएटीन मोनोहायड्रेट, रोज ५ ग्रॅम, लोडिंग न करता, म्हणजे सुरुवातीला मोठी मात्रा न घेता. व्यायाम आठवड्यातून चार दिवस, फोंड्यातल्या जिममध्ये, सगळा वजनांचा. पहिली तीन चक्रं क्रिएटीनशिवाय फक्त नोंदी केल्या, चौथ्या चक्राच्या तिसऱ्या दिवशी पावडर सुरू केली, आणि सातव्या चक्रापर्यंतचे आकडे खाली आहेत. गर्भनिरोधक गोळ्या किंवा इतर हार्मोन चालू नाहीत. असतील तर पुढची टप्प्यांची मांडणी लागू पडत नाही, कारण गोळ्यांवर सहसा ओव्हुलेशन होत नाही आणि गोळ्यांच्या खंडात येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नसते.

बायका क्रिएटीन सोडतात ते बहुतेक वेळा चुकीच्या दोन दिवसांची तुलना करून. पाळी संपल्यावर वजन केलं, पावडर सुरू केली, तीन आठवड्यांनी पुन्हा काट्यावर उभ्या राहिल्या आणि काटा दीड किलो पुढे. मग 'मला फुगवते ही पावडर' असं म्हणून डबा मैत्रिणीला. त्या दीड किलोतला बराच भाग क्रिएटीन नसतं तेव्हाही दर महिन्याला येतो आणि जातो. म्हणून तुलना नेहमी त्याच टप्प्याशी करायची: सातवा दिवस मागच्या चक्राच्या सातव्या दिवसाशी, पाळीच्या तोंडावरचा दिवस मागच्या वेळच्या तशाच दिवसाशी. कालच्याशी किंवा गेल्या आठवड्याशी नाही.

वजनाच्या नोंदी अशा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत, १०० ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. एका दिवसाचा आकडा वापरायचा नाही, तीन दिवसांची सरासरी घ्यायची. दोन खिडक्या ठरवल्या. 'कोरडी' खिडकी म्हणजे चक्राचा सहावा ते आठवा दिवस, आणि 'भरलेली' म्हणजे पाळीआधीचे दोन दिवस आणि पाळीचा पहिला दिवस. पहिला दिवस मुद्दाम त्यात घेतला आहे. रक्तस्राव सुरू झाला की पाणी लगेच उतरतं असं वाटतं, पण सूज साधारणपणे त्याच दिवशी सर्वांत जास्त असते आणि नंतरच्या दिवसांत ओसरते.

क्रिएटीनशिवायच्या तीन चक्रांत कोरड्या खिडकीचं वजन ५८.१, ५८.३ आणि ५८.२ किलो. भरलेल्या खिडकीचं ५९.२, ५९.३ आणि ५९.१. म्हणजे या शरीराची स्वतःची भरती-ओहोटी साधारण एक किलोची. हा आकडा हातात असल्याशिवाय क्रिएटीनबद्दल कुठलंच मत बनवू नये. ज्यांना फार धीर नाही त्यांनी निदान दोन चक्रं तरी कोरी ठेवावीत.

चौथ्या चक्रात पावडर तिसऱ्या दिवशी सुरू झाली. कोरड्या खिडकीत ५८.४, म्हणजे जवळपास काहीच नाही. लोडिंग नसेल तर स्नायू पूर्ण भरायला तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. भरलेल्या खिडकीत मात्र ६०.०. त्या चक्रात काटा १.६ किलो चढला, आणि डबा मैत्रिणीकडे जायचा तो याच सकाळी. पण फोड केली की चित्र वेगळं दिसतं. एक किलो नेहमीची भरती. उरलेलं साधारण अर्धा-पाऊण किलो पावडरीचं. पुढच्या चक्रांनी ते दाखवूनच दिलं. पाचव्यात कोरडी ५८.९, भरलेली ५९.९. सहाव्यात ५८.९ आणि ५९.८. म्हणजे पायरी एकदाच साधारण ७०० ग्रॅमने वर सरकली आणि तिथेच थांबली. भरती मात्र आधी होती तेवढीच राहिली. क्रिएटीनने दर महिन्याची सूज वाढवली नाही.

हे पाणी बसतं कुठे, ते घोट्याची टेप सांगते. शिंप्याची टेप घोट्याच्या हाडाच्या जरा वर, सकाळीच, न आवळता. कोरड्या दिवसांत २०.८ सेंटिमीटर, भरलेल्या दिवसांत २१.२, आणि पावडर सुरू झाल्यावरही दोन्ही आकडे तेच. क्रिएटीन स्नायूच्या पेशीत साठतं आणि पाणी आपल्याबरोबर मुख्यतः पेशीच्या आतच ओढतं. अंगठी घट्ट होणं, मोज्यांचे वळ उठणं हे पेशीबाहेरच्या पाण्याचं काम, आणि ते पाळीचं किंवा मिठाचं असतं. वजन वाढलं पण घोटा जागच्या जागी असेल तर संशय पावडरीवर घ्या. घोटाही वाढला असेल तर आधी ताटात बघा.

ताटात बघा हे उगीच म्हटलेलं नाही. सातव्या चक्रात कोरडी खिडकी ५९.० होती आणि भरलेली एकदम ६०.६, घोटा २१.७. पावडर तीच, मात्रा तीच. पण ते दिवस चवथीचे होते: नेवऱ्या, पातोळ्या, जोडीला पापड आणि लोणचं, आणि रात्रीची जागरणं. पिठासाखरेतून स्नायूत साठणारं ग्लायकोजेन स्वतःच्या तिप्पट वजनाचं पाणी धरतं, आणि मीठ वेगळं पाणी धरतं. पाच दिवसांत सगळं उतरलं. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीतही असंच होतं. ताजं हुमण कमी होतं आणि पेजेबरोबर सुके खारे बांगडे, गालमो ताटात येतात. तेव्हा वहीत एक 'मीठ' नावाचा रकाना हवाच. फक्त खूण करायची, मोजायचं नाही.

आता ताकद. इथे बहुतेक जणी दर टप्प्यात एका रेपचं कमाल वजन तपासतात आणि फसतात. ती चाचणी दमवते, झोपेवर हेलकावे खाते, आणि क्रिएटीनचा फायदा जिथे दिसतो ती जागा ती पाहतच नाही. क्रिएटीन एटीपी, म्हणजे स्नायूचं तातडीचं इंधन, लवकर परत भरायला मदत करतं. त्यामुळे फरक पहिल्या सेटपेक्षा थोड्या विश्रांतीनंतरच्या शेवटच्या सेटमध्ये दिसतो. चाचणी म्हणून ४५ किलोचे स्क्वॉट, तीन सेट, मध्ये घड्याळ लावून बरोबर दोन मिनिटं, प्रत्येक सेट एक रेप शिल्लक ठेवून थांबवायचा. चक्रात दोनदाच: आठव्या दिवशी, आणि ओव्हुलेशननंतर साधारण सातव्या दिवशी.

आठव्या दिवसाचे आकडे. पावडरीआधी १०-८-६, मग १०-८-७, मग परत १०-८-७. चौथ्या चक्रात, पावडर सुरू होऊन पाचच दिवस झालेले असताना, तेच १०-८-७. पाचव्यात १०-९-९, सहाव्यात १०-९-९, सातव्यात ११-९-८. बेरीज २४, २५, २५, २५ आणि मग २८, २८, २८. नुसत्या व्यायामाने ताकद वाढली असती तर ती हळूहळू चढत गेली असती. इथे एक पायरी आहे आणि मग सपाटी, आणि वाढ जवळजवळ सगळी मागच्या सेटमध्ये. एका बाईच्या, स्वतःच मोजलेल्या आणि पावडर घेतोय हे ठाऊक असलेल्या नोंदींना जेवढं वजन द्यायचं तेवढंच द्या. पण आकार जसा असायला हवा तसा आहे.

ओव्हुलेशननंतरच्या टप्प्यात बेरीज २३, २४, २४ होती. पावडर सुरू झाल्यावर २६, २७, २७, २६. दोन टप्प्यांतला फरक एक-दोन रेपचा, आधीही आणि नंतरही. एवढा फरक वाईट झोपेनेसुद्धा पडतो. पाळीच्या टप्प्यांनी ताकद खूप बदलते असं २०२० सालच्या मोठ्या एकत्रित विश्लेषणातही दिसलं नव्हतं. पाळीच्या पहिल्या काही दिवसांत कामगिरी किंचित कमी, तीही बाईगणिक वेगळी. तेव्हा 'क्रिएटीनने पाळीआधीचा अशक्तपणा घालवला' असा दावा या वहीतून निघत नाही. दोन्ही टप्पे सारखेच वर गेले, इतकंच.

ओव्हुलेशन ॲपवर सोडू नका. पाचव्या चक्रात एलएच स्ट्रिप, म्हणजे ओव्हुलेशन जवळ आलं की गडद होणारी लघवीची पट्टी, एकोणिसाव्या दिवशी गडद झाली आणि चक्र ३३ दिवसांचं निघालं. ॲपने मात्र पंधराव्या दिवसापासूनच पुढचा टप्पा रंगवून ठेवला होता. त्याच्या भरवशावर एकविसाव्या दिवशी चाचणी केली असती तर ती ओव्हुलेशनच्या अगदी जवळ पडली असती आणि तुलना वाया गेली असती. चक्र लांबतं ते बहुतेक वेळा ओव्हुलेशनच्या आधीच्या भागात. दहाव्या दिवसापासून रोज एक स्ट्रिप पुरते. गडद झाल्यावर एक-दीड दिवसात ओव्हुलेशन धरायचं आणि तिथून सात मोजायचे.

लोडिंग, म्हणजे रोज २० ग्रॅम चार वेळांत विभागून पाच-सात दिवस, चालतं. पण ते पाळीच्या आधीच्या आठवड्यात करू नका. २०२३ सालच्या एका अभ्यासात याच टप्प्यात लोडिंगने शरीरातलं एकूण पाणी वाढलेलं दिसलं. धोका काही नाही, फक्त दोन भरत्या एकावर एक येतात आणि कुठली कोणाची ते ओळखता येत नाही. सुरुवात पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केली की ओहोटी चालू असताना पावडर शिरते आणि पहिली तुलना स्वच्छ मिळते. जिममधल्या चरबी-स्नायू दाखवणाऱ्या मशीनचा कागद या काळात घडी घालून ठेवून द्या. ते पाणी मोजून अंदाज बांधतं, आणि 'स्नायू वाढले' हे तिसऱ्या आठवड्यातलं अभिनंदन बहुतेक पाण्याचंच असतं.

पोटाचं. रिकाम्या पोटी, थंड पाण्यात नीट न विरघळलेले ५ ग्रॅम घेतले की शौचाला पातळ होतं. कोमट पाण्यात ढवळून, जेवणानंतर घेतलं की थांबतं. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत पोट बिघडतं ते प्रोस्टाग्लँडिनमुळे, पावडर नसतानाही. त्या दिवसांत अडीच-अडीच ग्रॅम दोनदा केलं तर सोसतं. वेळ कुठलीही चालते, खाडा पडू द्यायचा नाही.

जूनपासून पावडरीचे खडे होतात. दमट हवेने झालेले खडे म्हणजे खराब माल नव्हे, पण चमचा खोटा पडतो: खड्यांचा चमचा कमी भरतो, चेपलेला जास्त. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, नाहीतर मात्रा बदलली की पाळी बदलली ते कळणार नाही. विरघळवून ठेवू नका. पाण्यात, त्यातही लिंबू पिळलं असेल तर, क्रिएटीनचं हळूहळू क्रिएटिनिन होतं.

रक्ततपासणीत क्रिएटिनिन थोडं जास्त दिसू शकतं. रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांना पावडरीचं आधीच सांगा, म्हणजे शंका आली तर ते मूत्रपिंडाची सिस्टॅटिन सी ही दुसरी चाचणी करून बघतील. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण किंवा अंगावर पाजणं असेल तर त्यांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका.

पुढची पायरी आठव्या चक्राच्या तिसऱ्या दिवशी पावडर बंद करण्याची. स्नायूतला साठा मूळ पातळीवर यायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून नवव्या चक्राची कोरडी खिडकीही अर्धवटच धरायची. वजन ५८.२ च्या आसपास उतरतं का आणि तिसरा सेट सातवर येतो का, ते दहाव्या चक्राच्या आठव्या दिवशी बघायचं.