गिझरच्या गरम नटाला कुठला वायसर? काही महिन्यांच्या वापरानंतर

उन्हाळ्यापासून थंडीपर्यंत एकाच गिझरच्या गरम पाण्याच्या नटाला आलटून पालटून रबर, फायबर आणि सिलिकॉन असे तिन्ही वायसर लावून झाले. जोड नेहमीचाच, अर्धा इंची: गिझरचा निपल आणि त्यावर जाळीदार कनेक्शन पाइपचा पितळी नट.

पाइपसोबत फुकट येणारा काळा रबरी वायसर आधी. गार पाण्याला तो उत्तम आहे, बेसिनखालच्या कॉकला वर्षानुवर्षं टिकतो. गरम बाजूला मात्र त्याची लवचीकता हळूहळू जाते. याची खूण गमतीशीर आहे: गिझर चालू असताना नट कोरडा, आणि पहाटे सगळं गार झालं की थेंब. धातू गार होऊन आकसतो तेव्हा वायसरने फुगून ती फट भरायला हवी, पण कडक झालेला रबर दबला तसाच राहतो. काढून पाहिलं तर निपलच्या कडेची गोल खाच त्यात कायमची उमटलेली असते, आणि बोट फिरवलं की काळं लागतं. तोच काळा चुरा पुढे नळाच्या जाळीत अडकतो.

लाल फायबर वायसरबद्दल आपल्याकडे फार विश्वास. हार्डवेअरवाला 'गरमला फायबरच घ्या' म्हणून हातात ठेवतो. उष्णता तो सोसतो हे खरं, पण त्याला दोन्ही बाजूंनी सपाट, रुंद धातू लागतो, म्हणजे मोटारीचं युनियन किंवा पाण्याचं मीटर. गिझरच्या निपलची कड पातळ असते, बहुतेक वेळा वेडीवाकडी कापलेली. फायबर त्या खाचाखोचांत बसत नाही, म्हणून माणूस पाना आवळत जातो आणि शेवटी नटाची कॉलर चिरते. शिवाय हा फायबर भिजला की फुगतो, वाळला की आकसतो. घर आठवडाभर बंद ठेवून पाणी उतरवलं, तर परत आल्यावर पहिल्यांदा गळतो आणि भिजला की बऱ्याचदा आपोआप थांबतो. एकदा दाबलेला फायबर काढला तर पुन्हा लावू नये.

सिलिकॉन गरम पाण्याला सगळ्यात निर्धास्त. इतक्या महिन्यांनी काढून पाहिला तरी बोटात दाबला की परत उसळतो. दोष एकच, तो मऊ आहे. जास्त आवळला तर आतल्या भोकात फुगून येतो आणि गरम पाण्याची धार बारीक होते. निपलच्या कडेला धार असेल तर कापलाही जातो. नळाच्या स्पिंडलखाली म्हणूनच तो घालू नये, सीटवर दाबून दाबून खड्डा पडतो. तिथे कडक रबरच बरा.

चौथा पर्याय ईपीडीएम रबर. दिसायला साध्या काळ्या रबरासारखाच, पण गरम पाण्यासाठीचा, आणि सिलिकॉनपेक्षा चिवट. नुसतं बघून ओळखता येत नाही, म्हणून ईपीडीएम असं नाव घेऊनच मागावा. कोल्हापुरात असाल तर शिवाजी उद्यमनगरात ओ-रिंग, गॅस्केट विकणाऱ्यांकडे विचारून बघा. त्याला ग्रीस किंवा तेल लावू नका, तेलाने तो फुगतो. सिलिकॉनची खात्री करायची तर एक जादा वायसर घेऊन कोपरा जाळा. पांढरी राख राहिली तर सिलिकॉन. काळा गोळा झाला तर रंगीत प्लॅस्टिक.

माप: नटाच्या आत जेमतेम साडेअठरा मिलिमीटर जागा असते, त्यामुळे बाहेरचा व्यास १८ आणि जाडी २ ते ३ मिलिमीटर असलेला घ्यावा.

बसवताना गिझरचं बटण बंद करून पाणी निवू द्या. अँगल कॉक बंद करा, गरम नळ उघडून दाब काढा, मग फक्त गरम बाजूचा नट सोडा. तिथून थोडंच पाणी येतं. गार बाजूचा सोडला तर अख्खी टाकी खाली यायची शक्यता असते. निपलच्या कडेवरचा जुना रबर आणि पांढरा खार पॉलिश पेपरने काढा, बोट फिरवून धार लागते का बघा. आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळू नका. इथे पाणी वायसर अडवतो, आटे नाहीत. टेपमुळे नट आधीच घट्ट लागतो आणि वायसर दबतच नाही. हाताने पूर्ण आवळून मग पान्याने पाव फेरा, तेवढं पुरे. पाइपला पीळ पडू नये म्हणून दुसऱ्या हाताने धरून ठेवा. गरम नळातून अखंड धार आल्याशिवाय गिझर लावू नका. नटाला कोरडा टिश्यू लावून दोनदा तपासा, एकदा गरम असताना आणि एकदा पहाटे.

आता गिझरच्या दोन्ही नटांना ईपीडीएम ठेवला आहे, कारण टाकीच्या उष्णतेने गार बाजूचा निपलही तापतो. गच्चीवरच्या सोलरला सिलिकॉन, कारण एप्रिल-मेमध्ये दिवसभर पाणी वापरलं नाही तर तिथलं पाणी गिझरपेक्षा जास्त तापतं. मोटारीच्या युनियनला फायबर होता, तो तिथेच आहे.