फोनला चिकटवलेली मॅग्नेटिक रिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

ॲपलने २०२० मध्ये आयफोन १२ पासून फोनच्या आतच चुंबकांचं वर्तुळ बसवायला सुरुवात केली. तो फोन वापरणाऱ्यांना इथली निम्मी डोकेदुखी लागू नाही. हा अनुभव आहे गॅलेक्सी एस२४ सारख्या फोनचा. त्यात वायरलेस चार्जिंगची कॉइल आहे, पण चुंबक नाहीत. म्हणून कव्हरवर बाहेरून रिंग चिकटवायची आणि मग त्यावर चार्जर, गाडीतला होल्डर, कार्डांचं पाकीट हे सगळं लावायचं.

विकत घेतानाच एक गोष्ट बघून घ्या. रिंगा दोन प्रकारच्या मिळतात: नुसत्या लोखंडी पत्र्याच्या आणि खऱ्या चुंबकांच्या. पत्र्याची रिंग पातळ असते आणि कोणत्याही चुंबकाला चिकटते, पण तिची पकड कमी, शिवाय चार्जर आपणहून मध्यावर खेचला जात नाही. तो रिंगेवर दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे कसाही बसतो. पत्र्याची रिंग पूर्ण बंद गोल असेल तर आणखी एक अडचण येते. चार्जरच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्या बंद कड्यातच वीज फिरू लागते, रिंग तापते आणि तेवढी ऊर्जा फोनपर्यंत पोचत नाही. चांगल्या रिंगेत एका जागी चीर ठेवलेली असते ती यासाठीच. चुंबकांच्या रिंगेत ध्रुवांची मांडणी महत्त्वाची. फोनच्या बाजूची रिंग आणि ॲक्सेसरीच्या बाजूची रिंग वेगळ्या असतात. चुकून दुसरी चिकटवली तर चार्जर चिकटण्याऐवजी बाजूला ढकलला जातो. चिकटवण्याआधी कागद न काढता चार्जर जवळ नेऊन बघितलं की लगेच कळतं.

आता मुख्य मुद्दा, जागेचा. रिंगेबरोबर येणारा कागदी साचा कॅमेऱ्यापासून अंतर मोजून रिंग लावायला सांगतो. त्याच्यावर विसंबू नका. कॉइल नेमकी कुठे आहे हे फोनलाच विचारावं लागतं, आणि ते अवघड नाही. कव्हर चढवलेल्या फोनच्या पाठीवर मास्किंग टेप लावा. फोन पालथा ठेवा आणि चुंबक नसलेला साधा गोल वायरलेस चार्जर त्याच्या पाठीवर उलटा ठेवून चार्जिंग सुरू करा. मग चार्जर दोन-दोन मिलिमीटर डावीकडे सरकवा आणि प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद थांबा, कारण चार्जर आणि फोनचा संवाद तुटल्यावर फोनला ते कळायला थोडा वेळ लागतो. चार्जिंग बंद पडेल त्या क्षणी चार्जरच्या डाव्या कडेला पेन्सिलने खूण करा. पुन्हा मध्यावर आणून तसंच उजवीकडे सरकवा आणि बंद पडल्यावर पुन्हा त्याच डाव्या कडेची खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये ती कड आली की आडवा मध्य साधला. वर-खाली हेच करा. मग चार्जर त्या जागी धरून त्याभोवती पेन्सिल फिरवली की टेपवर वर्तुळ मिळतं.

बहुतेक रिंगांचा बाहेरचा व्यास सुमारे ५५ मिमी असतो. तुमच्या चार्जरचा व्यास वेगळा असेल तर वर्तुळाचा केंद्रबिंदू काढून रिंग त्याच्याभोवती सारख्या अंतरावर बसवा. लगेच गोंद लावू नका. साध्या टेपच्या दोन तुकड्यांनी रिंग धरून मॅग्नेटिक चार्जर लावा आणि पंधरा मिनिटं थांबा. फोन कोमट झाला तर ठीक. हाताला चटका जाणवण्याइतका गरम झाला, तर मध्य चुकलाय किंवा कव्हर जाड आहे. कव्हर आणि रिंग मिळून तीन मिलिमीटरच्या आत असावं.

जागा इतकी जपायचं कारण असं. साध्या पॅडवर फोन वाकडा ठेवला तर चार्जिंग सुरूच होत नाही, आणि माणूस तो नीट ठेवतो. रिंग चुकीच्या जागी असेल तर चुंबक फोनला रोज त्याच चुकीच्या जागी घट्ट धरून ठेवतो. चार्जिंग होतं, पण हळू आणि गरम. वरून काहीच दिसत नाही.

वेगाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. रिंग लावल्याने वॉट वाढत नाहीत. फोन आणि चार्जर यांची भाषा जुळली तरच १५ वॉट मिळतात. वायरलेस चार्जिंगच्या नव्या क्यूआय२ मानकातला मॅग्नेटिक प्रकार फोनच्या आतल्या सर्किटमध्येच असावा लागतो. एस२४ मध्ये तो नाही, त्यामुळे क्यूआय२ चार्जर लावला तरी तो जुन्या क्यूआयच्या संथ वेगावर येतो. सॅमसंगच्या लॉक स्क्रीनवर `Fast wireless charging` असं दिसतंय की नुसतं `Wireless charging`, एवढं बघितलं तरी काय चाललंय ते कळतं. एस२५ च्या मालिकेत हे बदललं. त्या फोनना चुंबकी कव्हर घातलं की क्यूआय२ चालतं.

वाया जाणाऱ्या विजेचं काय? २०२० मध्ये पिक्सेल ४ वर झालेल्या एका गाजलेल्या चाचणीत पूर्ण चार्जला केबलने १४.२६ वॉट-अवर लागले, वायरलेसने २१.०१. फरक पावणेसात वॉट-अवरचा. रोज एकदा पूर्ण चार्ज धरला तरी वर्षाला अडीच युनिट होतात, म्हणजे विजेच्या बिलात पंचवीस-तीस रुपये. त्यामुळे पैशाचा हिशेब इथे गौण आहे. प्रश्न त्या ऊर्जेची उष्णता होते हा आहे, आणि तिचा काही वाटा बॅटरीला खेटून असलेल्या कॉइलमध्ये निर्माण होतो. बॅटरी लवकर म्हातारी होते ती उष्णतेने. रात्री उशीखाली किंवा गादीवर मॅग्नेटिक चार्जर लावून झोपणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

गाडीतला होल्डर ही या रिंगेची खरी परीक्षा. चुंबक सरळ ओढला तर भरपूर ताकद लावतो, पण घसरत जाणाऱ्या ओझ्यासमोर त्याची ताकद बरीच कमी पडते. एस२४ चं वजन १६७ ग्रॅम, कव्हर आणि रिंग धरून दोनशेच्या आसपास. गुळगुळीत रस्त्यावर काही होत नाही. गतिरोधकावर मात्र धक्का बसला की फोन खाली घसरतो किंवा गोल फिरतो. होल्डरचं तोंड थोडं वर, म्हणजे फोन मागे रेलेल असं ठेवलं की निम्मा त्रास जातो. होल्डरच्या तोंडावर रबराची चकती असेल तर उरलेला.

डॅशबोर्डवर चिकटवायच्या होल्डरपेक्षा एसीच्या जाळीला हुकने अडकवायचा होल्डर बरा, निदान आपल्याकडच्या उन्हात. एक तर डॅशबोर्डचा पृष्ठभाग खरबरीत असतो, त्यावर दुतर्फी टेपला पूर्ण पकड मिळत नाही. दुसरं म्हणजे चार्जिंग, नकाशा आणि ऊन एकत्र आलं की फोन तापतो आणि स्वतःच चार्जिंग थांबवतो. आयफोनवर अशा वेळी `Charging On Hold` असा संदेश येतो. एसीची हवा पाठीवर आली की हे बहुतेक टळतं. मे महिन्यात भर दुपारी मुंबई-पुणे प्रवास करायचा असेल तर हाच फरक पडतो. शिवाय गाडीच्या मूळ यूएसबी सॉकेटवर भरवसा ठेवू नका. अनेक गाड्यांत तो ५ वॉट किंवा त्याहूनही कमी देतो, आणि त्यातला एक हिस्सा वायरलेसमध्ये जातो. जीपीएस आणि पूर्ण उजळलेला पडदा जेवढं खातो तेवढंही भरून निघत नाही, म्हणून ‘चार्जिंग चालू आहे पण टक्के कमी होतायत’ असं दिसतं. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये किमान २० वॉटचा पीडी, म्हणजे जलद चार्जिंगचा ॲडॉप्टर लावावा.

महिन्यांनंतर जाणवणारा खरा दोष गोंदाचा आहे. कव्हर टीपीयूचं, म्हणजे मऊ प्लास्टिकचं असेल, तर उन्हात उभ्या गाडीत गोंद मऊ पडतो आणि रिंग हळूहळू खाली सरकते. दोन-तीन मिलिमीटर सरकली तरी डोळ्यांना कळत नाही, पण वर काढलेला मध्य गेलेला असतो. सिलिकॉन कव्हरवर गोंद मुळात धरतच नाही. कडक पॉलिकार्बोनेट कव्हर घ्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, रिंग लावून अर्धा मिनिट दाबून धरा आणि तीन दिवस त्यावर काही टांगू नका. चांगल्या ॲक्रिलिक फोम टेपलाही पूर्ण ताकद यायला साधारण ७२ तास लागतात. लावतानाच रिंगेच्या कडेला लागून कव्हरवर सुईने एक बारीक ओरखडा मारून ठेवा. ती सरकली तर त्या ओरखड्यावरून कळेल. जमत असेल तर सरळ आत चुंबक घातलेलं कव्हर घ्या. थोडे पैसे जास्त जातात, पण सरकणं संपतं.

नकाशातला निळा बाण उलट्या दिशेला दाखवू लागला तर घाबरू नका, रिंगेमुळे फोनचं होकायंत्र बिघडतं. चालायला लागलात की जीपीएसवरून दिशा सुधारते. एस पेन असलेल्या अल्ट्रा फोनवर मात्र रिंगेच्या बरोबर वर पेनची रेघ तुटू शकते. त्यांनी हा उद्योग न केलेलाच बरा. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी असा फोन वरच्या खिशात ठेवू नये. ॲपल स्वतः १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवायला सांगते, आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० पेक्षा जास्त.

पाकिटाबद्दल सांगायचं तर त्याची सोय आहे, विश्वास नाही. घट्ट जीन्सच्या खिशात फोन सारताना पाकीट कापडाला अडकून सहज सुटतं, कारण इथेही ओढ बाजूने लागते. दोन-तीन कार्डांपेक्षा जास्त घातली की पाकीट फुगतं आणि पकड आणखी कमी होते. बँकेच्या कार्डावरची चिप चुंबकाने बिघडत नाही. धोका असतो तो काळ्या चुंबकीय पट्टीला. बँकेच्या कार्डांची पट्टी सहसा दणकट प्रकारची असते, पण हॉटेलच्या खोलीची पट्टीवाली चावी या पाकिटात ठेवली तर दार न उघडण्याची शक्यता पुष्कळ. मेट्रोचं टॅप करायचं कार्ड चुंबकाने खराब होत नाही, मात्र ते दुसऱ्या टॅपवाल्या कार्डाला खेटून असेल तर गेटवरचं यंत्र गोंधळतं, आणि पाकिटात लोखंडी पत्र्याची ढाल असेल तर त्या बाजूने टॅप लागतच नाही. गेटपाशी कार्ड बाहेर काढावंच लागतं. चार्जर लावण्याआधी पाकीट काढायचं हे तर ओघाने आलंच. काही पाकिटं इतकी पातळ असतात की चार्जर त्यांच्यावरूनही चिकटतो, आणि मधल्या कार्डांसकट सगळं तापतं.