डिस्चार्ज साडेनऊला, सुटका साडेसहाला

रुग्णालय पुण्यातलं, खासगी, मध्यम आकाराचं. मुक्काम सहा दिवसांचा, कॅशलेस पॉलिसीवर. उपचारांबद्दल इथे काहीही लिहिलेलं नाही, तो डॉक्टरांचा विषय. लिहिलंय ते बिल, सिस्टर, स्वच्छता आणि शेवटच्या दिवसाबद्दल. चार महिने उलटल्यावर लिहायचं कारण असं, की बिलातल्या काही गोष्टी घरी गेल्यानंतरच कळतात.

आधी शेवटच्या दिवसाबद्दल. शनिवारी सकाळी साडेनऊला राउंडला आलेल्या डॉक्टरांनी "आज सोडू" म्हटलं. गेटपास हातात पडला संध्याकाळी साडेसहाला. काउंटरवर उत्तर ठरलेलं: "इन्शुरन्सकडून यायचंय." यातलं अर्धंच खरं. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार, रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती आल्यावर कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते. उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकार लावलाच, तर तो कंपनीने सोसायचा. पण हे घड्याळ सुरू होतं कागद कंपनीकडे पोहोचल्यावर, डॉक्टरांनी तोंडाने सांगितल्यावर नाही. आमची फाइल बिलिंगला पोहोचली एक वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे जवळपास पावणेचार तास वॉर्डातच गेले आणि त्याचा जाब विचारणारं घड्याळ कुठलंच नाही.

वॉर्डात वेळ कुठे जातो? आरएमओ, म्हणजे वॉर्डातले निवासी डॉक्टर, डिस्चार्ज समरी टाइप करतात, मुख्य डॉक्टर ती तपासून सही करतात आणि ते तोवर ओपीडीत गेलेले असतात. सिस्टर उरलेली औषधं फार्मसीत परत पाठवतात, लॅब आणि एक्स-रे विभागाकडून "काही बाकी नाही" अशी नोंद घेतात. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू शकतात, पण इथे एक झाली की दुसरी, असंच चाललं. डिस्चार्जची कुणकुण आदल्या संध्याकाळी लागतेच. त्याच वेळी "समरीचा मसुदा करून ठेवाल का?" असं आरएमओंना विचारलं, तर बरेचदा होऊन जातं.

पुढे टीपीए डेस्कने, म्हणजे रुग्णालयातल्या विम्याचे कागद बघणाऱ्या टेबलाने, एक पन्नासला कागद अपलोड केले आणि तीन वीसला क्वेरी आली. कारण काय, तर समरीत वय ५८ आणि पॉलिसीत ५९. दुरुस्ती, पुन्हा सही, पुन्हा अपलोड, चार वाजून पंधरा मिनिटं. मंजुरी आली पाच चाळीसला. म्हणून समरी सहीला जाण्यापूर्वी नातेवाइकाने स्वतः वाचावी. नाव पॉलिसीप्रमाणेच आहे का, वय, दाखल झाल्याची तारीख आणि वेळ एवढंच बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला रुग्णाला घेऊन रिक्षा शोधणं काय असतं, ते कर्वे रोडवाल्यांना सांगायला नको.

आता बिल. दाखल करताना काउंटरवर सांगितलं, "सिंगल रूमच शिल्लक आहे, घेऊन टाका." इथे कागदावर गणित मांडल्याशिवाय हो म्हणू नये. पॉलिसी पाच लाखांची, रूमभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. सिंगलचं भाडं ८,०००. सहा दिवसांचे ४८,००० आणि त्यातले मिळणार ३०,०००. वाटतं, की खिशातून १८,००० जातील. पण मर्यादेपेक्षा महागडी रूम घेतली, की डॉक्टरांच्या व्हिजिट, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर यांच्या आकारालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. ५,००० भागिले ८,००० म्हणजे साडेबासष्ट टक्के. हे आकार ८०,००० धरले तर मिळणार ५०,००० आणि आणखी ३०,००० पदरचे. एकूण ४८,०००. शिवाय दिवसाला ५,००० च्या वरच्या रूमवर जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी लागतो, तो निराळा. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही प्रमाणातली कात्री लावता येत नाही. आयसीयूच्या आकारालाही नाही. ज्या रुग्णालयात रूम बदलली तरी बाकीचे दर बदलत नाहीत, तिथे तर ती लागूच होत नाही. म्हणून पहिला प्रश्न तोच विचारावा. आम्ही थांबतो म्हटल्यावर तासाभरात शेअरिंगमधली खाट निघाली. कशी निघाली, ते त्यांनाच ठाऊक.

दुसरी गोष्ट दिवसांच्या मोजणीची. इथे दिवस दुपारी बारा ते बारा. रविवारी रात्री दहाला दाखल झाल्याने पहिला 'दिवस' चौदा तासांचाच. ते मान्य. पण शनिवारी बिल दीडला छापलं गेलं आणि त्यात सात दिवस लागले. फाइलमध्ये डॉक्टरांच्या डिस्चार्जच्या नोंदीपुढे ९.३० अशी वेळ होती, ती दाखवल्यावर सातवा दिवस वाद न घालता काढला. न दाखवता निघाला नसता, हेही तितकंच खरं.

तिसरी गोष्ट औषधांच्या परतीची. रोज संध्याकाळी तोवरचं 'इंटरिम बिल' मागता येतं, फुकट मिळतं. पाचव्या दिवशीच्या बिलात एका इंजेक्शनच्या दहा कुप्या, चार्टवर दिलेल्या सात, आणि तीन खाटेशेजारच्या ड्रॉवरमधल्या प्लास्टिकच्या डब्यात, सील न फुटलेल्या. परतीची नोंद अंतिम बिलाच्या आधी झाली तरच पैसे वजा होतात. ग्लोव्हज आणि तत्सम किरकोळ वस्तू बऱ्याच पॉलिसींत मिळत नाहीत, त्यामुळे त्या परत केल्या तर वाचणारे पैसे थेट तुमच्या खिशातले.

दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं राज्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार बंधनकारक आहे. इथे लावली होती, लिफ्टशेजारी, मनी प्लांटच्या कुंडीमागे.

नर्सिंगबद्दल तक्रार कमी. औषध देण्याआधी प्रत्येक वेळी मनगटावरचा पट्टा वाचून नाव विचारलं जायचं, सहाव्या दिवशीही. दिवसा बेल वाजवल्यावर तीन-चार मिनिटांत कुणीतरी यायचं. अडचण पाळी बदलताना, सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठला. तेव्हा पंधरा मिनिटं कुणी फिरकत नाही, कारण सगळ्या सिस्टर हँडओव्हरला उभ्या असतात. रुग्णाला बाथरूमला न्यायचं असेल, तर पावणेआठलाच मावशींना सांगून ठेवावं. रात्री माणसं निम्मी होतात, ते जाणवतं.

खोलीची स्वच्छता चांगली. फरशी दिवसातून तीनदा पुसली जायची, चादर रोज बदलायची. बाथरूमच्या दारामागच्या तक्त्यावर मात्र सकाळी अकरालाच दुपारी दोनच्या रकान्यात सही होती. तळमजल्यावरच्या नातेवाइकांच्या स्वच्छतागृहात तक्ताही नव्हता आणि साबणही.

घरी आल्यानंतरचं. वीस हजारांच्या डिपॉझिटमधला उरलेला भाग खात्यात यायला १९ दिवस लागले, दोन फोन करून. आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांचा खर्च मिळतो. त्या क्लेमला कंपनीने तपशीलवार बिल मागितलं. काउंटरवर निघताना मिळालं होतं ते एका पानाचं गोषवारा बिल. तपशीलवार बिल मागितल्यावरच छापतात. नंतर मागायचं तर रेकॉर्ड विभागात अर्ज, रुग्णाचं ओळखपत्र आणि दोन हेलपाटे. पैसे भरतानाच तपशीलवार बिल, भरलेल्या पावत्या आणि समरीची एक जादा प्रत, तिन्हींवर शिक्का मारून मागा. गेटपास घेतल्यावर त्या काउंटरवर तुमचा नंबर पुन्हा शेवटून लागतो.