कतोरी, कृदन्त की ‘-ऊन’वालं रूप? इंग्रजी ‘व्हिच’ रशियनमध्ये नेताना

इंग्रजी मॅन्युअलमधलं लांबलचक ‘व्हिच’ आणि ‘हू’ रशियनमध्ये उतरवायला तीन वाटा आहेत. सरळ ‘कतोरी’ लावून उपवाक्य करायचं, ते मोडून प्रिचास्तिये म्हणजे धातुसाधित विशेषण करायचं, ज्याला पुढे मी नुसतं कृदन्त म्हणतो, किंवा द्येप्रिचास्तिये, म्हणजे आपल्या ‘करून, पाहून’सारखं धातुसाधित अव्यय वापरायचं. रशियन व्याकरण एकदा झालेल्याला ही रूपं नवी नाहीत, तेव्हा प्रत्यय कसे लागतात ते सांगत बसत नाही.

मी पंपांची मॅन्युअलं करतो. सुरुवातीची दोनेक वर्षं डोळे मिटून ‘कतोरी’ लावत होतो. इंग्रजीचा क्रम तसाच राहतो, काळ तसाच राहतो, काही सुटत नाही. मग एका वाक्यावर अडकलो. पंपाचं आवरण बदलायचं होतं आणि मी लिहिलं होतं, ‘कोर्पुस नसोसा, कतोरी पद्लिझीत झमेन्ये’. तपासणाऱ्या रशियन सहकाऱ्याने विचारलं, बदलायचं काय, आवरण की अख्खा पंप? मी मूळ इंग्रजी पाहिलं तर तिथेही तीच संदिग्धता होती. आकृती पाहिली तेव्हा कळलं की आवरण.

दोष कुठे होता ते पाहा. ‘कतोरी’ लिंग आणि वचन घेतो मागच्या नामाकडून, पण विभक्ती घेतो स्वतःच्या उपवाक्यातून. कोर्पुस पुल्लिंगी, नसोसही पुल्लिंगी, दोन्ही एकवचनी. मग ‘कतोरी’ नक्की कोणाचा, हे वाचणाऱ्याने ओळखायचं. एक नाम स्त्रीलिंगी असतं तर ‘कतोराया’ आणि ‘कतोरी’ यांतून उलगडा झाला असता, पण यंत्रांच्या भागांत पुल्लिंगी नामांची रांगच लागलेली असते.

कृदन्त मात्र विभक्तीही नामाचीच घेतं. ‘कोर्पुस नसोसा, पद्लिझाश्शी झमेन्ये’ म्हटलं की प्रथमा, म्हणजे आवरण बदलायचं. ‘पद्लिझाश्शिवो’ म्हटलं की षष्ठी, म्हणजे पंप. शब्द तेच, शेवट बदलला की अर्थ पक्का. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. बाकीच्यांना शैली महत्त्वाची वाटत असेल, मला हे वाटलं.

कृदन्ताची अडचण नाही असं नाही. एका वाक्यात तीन ‘-श्शी’ आले की वाचताना शिट्ट्या ऐकू येतात. ‘पाण्याचा प्रवाह नियंत्रित करणारी, बेअरिंग थंड करणाऱ्या पाण्याची’ अशी मराठीत साखळी लावली तर जसं वाटेल तसंच. मी एका वाक्यात एकच कृदन्त ठेवतो, दुसरं ‘कतोरी’ करतो किंवा वाक्यच तोडतो. आणि आपल्याला सवय असते सगळं नामाच्या आधी ठेवायची, ‘पुण्यात बनवलेला पंप’ असं. रशियनमध्ये दोन-तीन शब्दांपर्यंत ते चालतं. त्यापुढे नामानंतर, स्वल्पविरामांत ठेवलेलं बरं.

काही ठिकाणी मात्र कृदन्त चालतच नाही. प्रमाण रशियनमध्ये भविष्यकाळी कृदन्त नाही, म्हणून ‘जो अभियंता उद्या सही करेल’ त्याला ‘कतोरी’च. ‘ज्या टाकीत तेल ओततात’ यालाही ‘फ कतोरी’च, कारण तिथे नाम उपवाक्यात ना कर्ता असतं ना कर्म.

द्येप्रिचास्तिये सगळ्यांत देखणं, पण मी ते जपून वापरतो. ‘ऑपरेटर, ज्याला गळती दिसली, त्याने पंप थांबवला’ यातलं उपवाक्य ऑपरेटर कोणता हे सांगत असेल तर ‘झमेतिफ्शी’, म्हणजे कृदन्त. ऑपरेटर एकच असेल आणि गळती दिसली म्हणून त्याने पंप थांबवला असेल तर ‘झमेतिफ उतेच्कु’, गळती पाहून. या दोहोंत घोळ केला की अर्थ सरकतो, आणि व्याकरण तक्रार करत नाही.

दुसरा धोका खास आपल्यासाठी आहे. मराठीत ‘पाऊस पडून रस्ते ओले झाले’ हे बिनबोभाट चालतं, पडणारा पाऊस आणि ओले होणारे रस्ते, कर्ते दोन. रशियनला इथे एकच कर्ता हवा. इंग्रजीतलं कर्मणी ‘पंप ऑपरेटरकडून थांबवला गेला’ तसंच ठेवून मागे ‘झमेतिफ उतेच्कु’ जोडलं तर गळती पंपाला दिसली असं होतं. मॅन्युअलांत कर्मणी प्रयोग भरपूर, म्हणून हे वारंवार होतं. माझ्याकडून दोनदा झालंय, आणि दोन्ही वेळा मी वाक्य मनातल्या मनात मराठीत वाचूनच बरोबर म्हटलं होतं.

तेव्हा कोणी विचारलं तर मी आधी कृदन्त लावून पाहतो. कर्ता एकच आणि नातं कारणाचं किंवा वेळेचं असेल तर ‘-ऊन’वालं रूप. जिथे काहीच बसत नाही तिथे ‘कतोरी’, पण लावल्यावर मागची दोन नामं एकाच लिंगाची नाहीत ना, एवढं पाहून घेतो.