एलायझा की पीसीआर: सहा आठवड्यांच्या बाळाचा प्रश्न आला की काय निवडायचं

लॅब टेक्नॉलॉजीच्या पेपरमध्ये एक प्रश्न फिरून फिरून येतो. आई एचआयव्ही पॉझिटिव्ह, बाळ सहा आठवड्यांचं, बाळाला संसर्ग झालाय का हे कोणत्या टेस्टने सांगाल? पर्यायांत एलायझा असते, वेस्टर्न ब्लॉट असतो, पीसीआर असते, आणि बरीच मुलं डोळे झाकून एलायझावर टिक करतात, कारण "एचआयव्हीची स्क्रीनिंग टेस्ट एलायझा" हे वाक्य इतकं पाठ झालेलं असतं की प्रश्नातल्या बाळाकडे लक्षच जात नाही. मी पण हेच उत्तर लिहून आलो होतो, म्हणून या दोन टेस्टची तुलना त्या बाळापासूनच करतो.

आधी एलायझा नक्की काय पकडते ते बघू. ही टेस्ट प्रोटीन पकडते, म्हणजे अँटीबॉडी किंवा अँटिजेन, आणि तेही अँटिजेन-अँटीबॉडी एकमेकांना चिकटतात या एकाच गोष्टीच्या जोरावर. इनडायरेक्ट पद्धत घ्या. ९६ वेलच्या प्लेटच्या तळाशी व्हायरसचं अँटिजेन आधीच बसवलेलं असतं, त्यात पेशंटचं सीरम टाकलं की त्याच्यात अँटीबॉडी असेल तर ती चिकटते, मग वॉश, मग कॉन्ज्युगेट म्हणजे एन्झाइम जोडलेली अँटी-ह्यूमन आयजीजी, परत वॉश, आणि शेवटी सबस्ट्रेट. एन्झाइम एचआरपी आणि सबस्ट्रेट टीएमबी असेल तर निळा रंग येतो, अ‍ॅसिडचं स्टॉप सोल्यूशन टाकलं की पिवळा होतो आणि रीडरवर ४५० नॅनोमीटरला ओडी वाचायची. या सगळ्यात व्हायरस स्वतः कुठेच मोजला गेला नाही, आपण मोजलं ते शरीराने व्हायरसला दिलेलं उत्तर.

पीसीआरला अँटीबॉडीशी काही घेणंदेणं नाही. ती न्यूक्लिक अ‍ॅसिडचा एक ठरावीक तुकडा शोधते आणि वाढवते. ९४-९५ डिग्रीला डीएनएच्या दोन साखळ्या सुटतात, तापमान साधारण ५० ते ६५ ला आणलं की प्रायमर आपल्या जागी बसतात, ७२ ला टॅक पॉलिमरेज नवीन साखळी बांधतं, आणि प्रत्येक सायकलला तुकडे दुप्पट. ३० सायकल नीट झाल्या तर एका तुकड्याचे शंभर कोटींच्या वर होतात. एचआयव्ही आरएनए व्हायरस आहे, त्यामुळे रक्तातला आरएनए शोधायचा तर आधी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजने त्याचा सीडीएनए बनवावा लागतो, टॅकला थेट आरएनए देऊन चालत नाही. पण बाळांमध्ये बऱ्याचदा डीएनए पीसीआर करतात, आणि इथे मुलं अडखळतात की आरएनए व्हायरसचा डीएनए आला कुठून. तर हा रेट्रोव्हायरस आहे, तो पेशीत शिरून स्वतःचा डीएनए बनवतो आणि आपल्या डीएनएत घुसवतो, तोच प्रोव्हायरल डीएनए इथे शोधायचा असतो.

आता बाळाकडे येऊ. समजा निगेटिव्ह कंट्रोलची सरासरी ओडी ०.०८ आहे आणि किटच्या सूचनेप्रमाणे त्यात ०.२० मिळवायचे, म्हणजे कटऑफ ०.२८. बाळाची ओडी आली १.९५. भागाकार केला तर जवळपास ७ येतो, म्हणजे चांगलीच रिअ‍ॅक्टिव्ह. आणि पीसीआरचा रिपोर्ट, डिटेक्ट झालं नाही. चुकलं कोण? कोणीच नाही! आईची आयजीजी प्लॅसेंटातून बाळात जाते आणि तिचा अंश १८ महिन्यांपर्यंत सुद्धा राहू शकतो, एलायझाने तीच आयजीजी पकडली आणि ती खरंच तिथे होती. फक्त ती बाळाने बनवलेली नव्हती. ओडी कितीही मोठी आली तरी ती अँटीबॉडी कोणाची हे सांगू शकत नाही, आणि वेस्टर्न ब्लॉट केला तरी तो पण अँटीबॉडीच बघतो त्यामुळे अडचण तीच राहते. म्हणून १८ महिन्यांच्या आत उत्तर पीसीआर.

पण एक निगेटिव्ह पीसीआर आली म्हणून बाळाची फाइल बंद करायची नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. संसर्ग अगदी डिलिव्हरीच्या वेळी झाला असेल तर जन्माच्या दिवशी घेतलेल्या सॅम्पलमध्ये व्हायरस मिळेलच असं नाही, आणि स्तनपान चालू असेल तर धोका पण चालूच असतो, म्हणून टेस्ट ठरलेल्या टप्प्यांवर परत होते आणि शेवटचा निर्णय १८ महिन्यांनंतर, स्तनपान थांबून पुरेसा वेळ गेल्यावर अँटीबॉडी टेस्टने होतो. पीसीआर पॉझिटिव्ह आली तर नवीन सॅम्पल घेऊन खात्री करतात, पण औषध त्या दुसऱ्या रिपोर्टसाठी थांबवून ठेवत नाहीत.

मोठ्या माणसात हाच प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो. एक्स्पोजर होऊन १२ दिवस झालेत, एलायझा निगेटिव्ह, आरएनए पीसीआर पॉझिटिव्ह: हा विंडो पीरियड, अँटीबॉडी अजून बनलेलीच नाही. चौथ्या पिढीची एलायझा अँटीबॉडीबरोबर पी२४ अँटिजेन पण शोधते म्हणून हा काळ कमी होतो, तरी तिला साधारण १८ ते ४५ दिवस लागतात आणि आरएनए टेस्टला साधारण १० ते ३३, म्हणजे १२ व्या दिवशी निगेटिव्ह आलेली पीसीआर पण सुटका नाही. आता उलटं, माणूस काही वर्षं नियमित एआरटी घेतोय, एलायझा पॉझिटिव्ह आणि व्हायरल लोड डिटेक्ट होत नाही. त्याचा संसर्ग गेला असं लिहिलं तर मार्क गेले, कारण औषधाने रक्तातला आरएनए दाबलाय पण प्रोव्हायरल डीएनए पेशींत बसलेलाच आहे.

आता हाताने होणाऱ्या चुका. एलायझात सगळ्यात जास्त घोळ वॉशिंगमध्ये होतो, सुटं कॉन्ज्युगेट वेलमध्ये राहिलं की निगेटिव्ह कंट्रोलला सुद्धा रंग चढतो, आणि कंट्रोल चढला की पेशंटचा रिझल्ट न वाचता रन परत लावायचा. बफरमध्ये सोडियम अझाइड असेल तर उलटं होतं, ते एचआरपीला बंद पाडतं आणि रंगच येत नाही. आणि प्रश्नात "कॉम्पिटिटिव्ह" शब्द दिसला की दोनदा वाचा, तिथे रंग जितका कमी तितकं शोधायचं द्रव्य जास्त.

पीसीआरमध्ये भीती कंटॅमिनेशनची, आधीच्या रनचे वाढवलेले तुकडे हवेतून किंवा पिपेटवरून नव्या ट्यूबमध्ये गेले तर निरोगी माणूस पॉझिटिव्ह दिसतो. हे कळतं नो टेम्प्लेट कंट्रोलवरून, त्यात सॅम्पलच्या जागी फक्त पाणी असतं, त्यात तुकडा वाढला तर त्या रनचे पॉझिटिव्ह रिपोर्ट द्यायचे नाहीत. दुसरी चूक ट्यूबची. हेपरिनचं सॅम्पल घेतलं तर हेपरिन पॉलिमरेजला अडवतं, म्हणून ईडीटीए, आणि बाळाला टाचेतून थेंब घेऊन फिल्टर पेपरवर वाळवलेला डाग. अडथळा आलाय का हे इंटर्नल कंट्रोल सांगतो: टार्गेट नाही आणि इंटर्नल कंट्रोल पण नाही, तर तो रिपोर्ट निगेटिव्ह नाही, इनव्हॅलिड आहे, आणि त्या बाळाचं सॅम्पल परत मागवायचं.