जुनी करपद्धत की नवी? माझा पंधरा लाखांचा हिशेब

कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या भाच्याने परवा विचारलं, "मामा, तुम्ही जुनी पद्धत का सोडलीत? घराचं कर्ज आहे, पॉलिसी आहे, मग तोटा नाही का झाला?" मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. म्हणून माझाच हिशेब मांडतो. आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत आणि पगार गोल करून १५ लाख धरलाय.

जुन्या पद्धतीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, ८०सीचे दीड लाख, विश्रामबागच्या फ्लॅटच्या कर्जाचं दोन लाख व्याज आणि आरोग्य विम्याचे २५ हजार वजा केले की करपात्र उत्पन्न उरतं १० लाख ७५ हजार. पहिल्या अडीच लाखांवर काही नाही, पुढच्या अडीच लाखांवर ५ टक्क्यांनी १२,५००, पाच ते दहा लाखांवर २० टक्क्यांनी एक लाख आणि वरच्या ७५ हजारांवर ३० टक्क्यांनी २२,५००. एकूण १,३५,००० आणि ४ टक्के उपकर धरून १,४०,४००.

नव्या पद्धतीत फक्त ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. करपात्र उत्पन्न १४ लाख २५ हजार. चार ते आठ लाखांवर ५ टक्क्यांनी २० हजार, आठ ते बारावर १० टक्क्यांनी ४० हजार, उरलेल्या सव्वादोन लाखांवर १५ टक्क्यांनी ३३,७५०. उपकरासह ९७,५००. म्हणजे माझे जवळजवळ ४३ हजार कमी गेले.

माझा निर्णय मात्र या फरकापेक्षा एका खटकणाऱ्या गोष्टीने झाला. दर जानेवारीत पुराव्यांची फाइल घेऊन बसलो की विमा प्रतिनिधी हाच आकडा दाखवायचे: "पावणेचार लाखांच्या वजावटी, तीस टक्क्यांनी एक लाख बारा हजार पाचशे वाचले!" आकडा खोटा नव्हता. माझ्या वजावटी खरोखर तीस टक्क्यांच्या टप्प्यातूनच कापल्या जात होत्या. पण तो सीमांत दर, म्हणजे शेवटच्या रुपयांवरचा दर. वरचा दर जितका चढा, तितकी बचत मोठी दिसते. एकूण किती भरला, ते त्यातून कळतच नाही. ते सांगतो सरासरी दर: एकूण कर भागिले एकूण पगार. माझा जुन्या पद्धतीत ९.३६ टक्के आणि नव्यात साडेसहा. 'वाचलेल्या' लाखाच्या समाधानात मी जास्त कर भरत होतो, वर पैसे अडकवत होतो. हे कळल्यावर ती फाइल परत उघडावीशी वाटली नाही.

माझ्या पगारावर जुनी पद्धत बरोबरीला यायला प्रमाणित वजावट सोडून सुमारे ५ लाख ४४ हजारांच्या वजावटी लागतात. पुण्यात भाड्याने राहून घरभाडे भत्त्याची सूट घेणारा, शिवाय गावाकडच्या घराचं कर्ज फेडणारा माणूस तिथे पोचू शकतो. त्याने जुनीच ठेवावी, असं मला वाटतं. पगारदाराला दरवर्षी पर्याय बदलता येतो. जुनी हवी असेल तर रिटर्न मात्र मुदतीतच भरावं लागतं.

भाच्याला दुसरी भीती होती. त्याचा पगार पावणेतेरा लाख, म्हणजे करपात्र बरोबर १२ लाख आणि कर शून्य. ५० हजारांची वाढ मिळणार होती. मित्र म्हणाले, बारा लाख माफ आहेत, वरच्या ५० हजारांवरच १५ टक्के लागतील. तसं नाही. बारा लाखांपर्यंत कर माफ होतो तो कलम ८७एच्या सवलतीमुळे. शून्य दराचा टप्पा चार लाखांपर्यंतच आहे. मर्यादा ओलांडली की ती सवलत जाते आणि चार लाखांपासून सगळा हिशेब होतो: साडेबारा लाखांवर ६७,५००. म्हणून सीमांत सवलत आहे, ती कराला मर्यादेच्या वरच्या रकमेवर, म्हणजे ५० हजारांवर थांबवते. त्यावर उपकराचे दोन हजार. वाढ ५० हजार आणि कर ५२ हजार! त्याचा सरासरी दर चार टक्क्यांच्या आतच आहे, पण त्या वाढीवरचा दर शंभराच्या वर. साधारण १२ लाख ७१ हजारांपर्यंत असंच चालतं. पुढे नेहमीचे १५ टक्के.

माझ्या १४ लाख २५ हजारांना यातलं काही लागत नाही. त्याला मात्र मी सांगितलं, कंपनीला विचार, वाढीचे ५० हजार कंपनीच्या वाट्याने एनपीएसमध्ये भरतील का. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंतची ही वजावट नव्या पद्धतीतही मिळते. करपात्र उत्पन्न परत १२ लाखांवर येतं आणि कर शून्य राहतो. पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात, हे खरं. पण हातात घेतले असते तर ५२ हजार गेलेच असते.